मुलीचे डाग आणि आजीची पाठ

"मॅडम, मुलीच्या पुढच्या दातांवर तपकिरी डाग आहेत. दातांचे डॉक्टर म्हणाले, पाण्यातल्या फ्लोराइडमुळे झालेत. मी रोज पाणी उकळून देते, तरी डाग जात नाहीत. आता तिची हाडंही वाकडी होतील का?"

पुण्याच्या पूर्वेकडील, टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांमधून येणाऱ्या आया मला हे वारंवार विचारतात. 'घाबरू नका' असे सांगून मी कोणाचीही समजूत घालत नाही, कारण चिंतेला काळ आणि माप यांची जोड मिळाल्याशिवाय ती जागची हलत नाही, ही माझ्या कामाची धारणा आहे. ही धारणा जिथे विशेष खरी ठरली, त्या एका कुटुंबाची हकिकत ओळखीचे तपशील बदलून येथे देत आहे.

हे कुटुंब मूळचे नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यातले. मुलगी पाच वर्षांची असताना ते वाघोलीला राहायला आले. आता ती चौदा वर्षांची असून हसताना ओठांवर हात धरते. धाकटा मुलगा आठ वर्षांचा, पुण्यात आल्यानंतर जन्मलेला. आईचा सगळा राग टँकरच्या पाण्यावर होता. एका विक्रेत्याने टीडीएस मीटर बुडवून मोठा आकडा दाखवल्यापासून तर त्यांना झोप लागत नव्हती. हे मीटर पाण्यात विरघळलेल्या सर्व क्षारांचा एकत्रित अंदाज देते आणि त्यात फ्लोराइड किती, हे त्यावरून मुळीच कळत नाही, हे मी त्यांना सांगितले. तरीही त्यांची शंका फिटली नाही.

मग मी त्यांना दातांच्या घडणीचा काळ समजावून सांगितला. वरच्या पुढच्या कायम दातांचे आवरण मूल काही महिन्यांचे असताना हिरडीच्या आत घडू लागते आणि साधारण चार-पाच वर्षांपर्यंत पूर्ण होते. या काळात पोटात जास्त फ्लोराइड गेले तर आवरण नीट कठीण होत नाही, त्यावर खडूसारखे पांढरे पट्टे राहतात आणि दात बाहेर आल्यावर ते हळूहळू तपकिरी होतात. एकदा आवरण पूर्ण झाले की पाण्यामुळे नवा डाग पडत नाही, जसा ओल्या मडक्यावर बोटाचा ठसा उमटतो, भाजलेल्या मडक्यावर उमटत नाही. हे डाग बहुधा डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखेच असतात. किडीचा डाग असा जोडीने येत नाही.

"तुमच्या मुलाचे पुढचे दात आले का?" मी विचारले.

"हो, मागच्या वर्षीच आले."

"कसे आहेत?"

त्यांनी मोबाइलमध्ये मुलाचा फोटो मोठा करून पाहिला, मग मुलीचा पाहिला आणि पुन्हा मुलाचा पाहिला. बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. नंतर हळू आवाजात म्हणाल्या, "याचे स्वच्छ आहेत. म्हणजे तिचे डाग इथल्या पाण्याचे नाहीत. ते गावाकडच्या हापशाचे आहेत."

हे वाक्य मी त्यांना सांगू शकले असते, पण तेव्हा ते माझे मत ठरले असते. दोन मुलांच्या दातांवरून त्यांनी ते स्वतः वाचले, म्हणून टिकले. पडताळणीसाठी टँकरचे आणि सोसायटीच्या बोअरचे पाणी प्रयोगशाळेत दिले. दोन्ही नमुन्यांत फ्लोराइड लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास निघाले. भारतीय मानकानुसार ते 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालते.

हाडांविषयीची भीती मात्र निराधार नव्हती. ती चुकीच्या माणसाला चिकटली होती, आणि हीच गोष्ट मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते. डाग दिसतात, म्हणून काळजी डागांवर बसते. हाडांत फ्लोराइड साठायला मात्र बरीच वर्षे लागतात. मुलीचे ते पाणी पाचव्या वर्षीच सुटले होते आणि दातांवरचे डाग पुढे हाडांचा आजार बनत नाहीत. मी सहज विचारले, "गावाकडे ते पाणी अजून कोण पितं?"

"सासूबाई. सकाळी त्यांची मान आणि पाठ अगदी आखडलेली असते. वयाचं म्हणून सोडून देतो आम्ही."

पुढच्या भेटीआधी त्यांनी सासूबाईंना तीन साध्या हालचाली करायला लावल्या: गुडघे न वाकवता जमिनीवरचे नाणे उचलणे, हनुवटी छातीला टेकवणे आणि दोन्ही हात डोक्यामागे नेणे. पहिल्या दोन जमल्या नाहीत. एवढ्यावरून निदान होत नाही, कारण संधिवातातही हेच दिसते. मात्र हापशाच्या पाण्यात फ्लोराइड 3 मिलिग्रॅम निघाल्यावर डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे काढला आणि कोपराखालच्या दोन हाडांमधल्या पडद्यात चुना साठल्याचे दिसले. साठलेला चुना परत विरघळवणारे औषध नाही. नवे फ्लोराइड थांबवणे आणि आहारातून पुरेसे कॅल्शियम देणे एवढेच हाती उरते.

आईने उकळण्याचा उपाय तिकडेही सुचवला होता. फ्लोराइड वाफेबरोबर उडून जात नाही. तीन लिटर पाणी उकळून दोन लिटर उरले तर 3 चे 4.5 मिलिग्रॅम होते. कँडलचा फिल्टर आणि अल्ट्राव्हायोलेट दिवा यांचाही फ्लोराइडवर परिणाम होत नाही. आरओ यंत्र बहुतांश फ्लोराइड काढते, पण बरेच पाणी वाया घालवते आणि त्याला भरवशाची वीज व पाण्याचा दाब लागतो. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली नालगोंडा पद्धत घरी बादलीत करता येते: तुरटी, तिच्या विसाव्या भागाइतका चुना आणि थोडी ब्लीचिंग पावडर घालून सुमारे दहा मिनिटे ढवळायचे, तासभर गाळ बसू द्यायचा आणि वरचे पाणी गाळून घ्यायचे. तुरटीचे प्रमाण पाण्यातील फ्लोराइड आणि क्षारता मोजूनच ठरते. अंदाजाने कमी घातली तर फ्लोराइड राहते आणि जास्त घातली तर पाण्यात ॲल्युमिनियम उरते. आखडलेल्या पाठीच्या वृद्धेने हे रोज करणे मला व्यवहार्य वाटले नाही.

म्हणून आम्ही आधी दुसरा स्रोत शोधला. हापसा खोल खडकातले पाणी उपसतो. ते खडकातील फ्लोराइडयुक्त खनिजांच्या संपर्कात दीर्घकाळ राहिलेले असते आणि त्यात कॅल्शियम कमी असले की फ्लोराइड अधिक विरघळून राहते. उथळ विहिरीत पावसाचे ताजे पाणी मिसळत असते. घराजवळच्या विहिरीत 0.7 मिलिग्रॅम निघाले. ते पाणी फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरायचे, बाकी सर्व कामांना हापशाचे, असे ठरले. उघड्या विहिरीत जंतू असतात, त्यामुळे हे पाणी मात्र उकळून घ्यायचे. मे महिन्यात विहीर आटते तेव्हासाठी सक्रिय ॲल्युमिनाचा, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा, घरगुती फिल्टर घेतला. त्याची क्षमता संपली तरी पाण्याची चव किंवा रंग बदलत नाही, म्हणून फिल्टरमधून बाहेर येणारे पाणी अधूनमधून तपासावेच लागते आणि फ्लोराइड वर गेले की दाणे पुनरुज्जीवित करावे किंवा बदलावे लागतात.

मुलीचे डाग घासून किंवा लिंबू चोळून जात नाहीत, उलट आवरण झिजते. दंतवैद्य वरचा पातळ थर घासून किंवा दातांच्या रंगाचे साहित्य लावून ते झाकू शकतात, आणि तिने दुसरा पर्याय निवडला.

नमुना पाठवताना काचेची नव्हे, प्लास्टिकची स्वच्छ बाटली वापरावी, हापसा काही मिनिटे चालवून मगच ती भरावी आणि तिच्यावर स्रोत व तारीख लिहावी. पावसाळ्यानंतर एक आणि भर उन्हाळ्यात एक असे दोन नमुने तपासावेत, कारण एकाच विहिरीचे आकडे या दोन काळांत वेगळे येऊ शकतात.