रात्री गॅसचा वास आला तर दिवा का लावायचा नाही

*प्रश्न: रात्री उठल्यावर स्वयंपाकघरात गॅसचा वास आला. एक्झॉस्ट फॅन लावून वास घालवला. हे बरोबर केलं का? असं पुन्हा झालं तर नेमकं काय करायचं?*

नाही, फॅन अजिबात लावायचा नव्हता. तुमच्या घरात त्या रात्री काही झालं नाही, कारण गॅस पेटण्याइतका साठला नव्हता. मी गॅस एजन्सीकडून गळतीच्या तक्रारींवर घरोघर जातो आणि फॅनची ही गोष्ट कितीतरी घरांतून ऐकतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जवळजवळ दुपटीने जड असतो. गळला की तो वर जात नाही, सांडलेल्या पाण्यासारखा खाली पसरतो. ओट्याखाली, फ्रिजच्या पायाशी, मोरीच्या कोपऱ्यात तो साठतो. एक्झॉस्ट फॅन असतो छताजवळ, त्यामुळे खालचा गॅस त्याने नीट निघत नाहीच, उलट फॅनचं बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते. दिव्याच्या बटणाचं तेच, दारावरच्या बेलचंही तेच. बटण चालू करताना ठिणगी पडते तशी बंद करतानाही पडते. म्हणून माझं सांगणं एवढंच असतं: जे चालू आहे ते चालू राहू द्या, जे बंद आहे ते बंदच ठेवा.

किती गॅस साठला की धोका? हवेत साधारण दोन टक्के गॅस मिसळला की तो पेट घेऊ शकतो. आठ बाय दहा फुटांचं स्वयंपाकघर धरा. गॅस जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतच साठला असं मानलं, तर तेवढ्या जागेत दोन टक्के व्हायला अंदाजे १०० ग्रॅम गॅस पुरतो. भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो. शेगडीचा मोठा बर्नर पूर्ण उघडा असेल तर तासाला दीडशे-दोनशे ग्रॅम गॅस जातो. म्हणजे दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर अर्ध्या-पाऊण तासात ही पातळी गाठली जाऊ शकते. हा हिशेब ढोबळ आहे, कारण प्रत्यक्षात गॅस सगळीकडे सारखा पसरत नाही, पण अंदाज यायला पुरेसा आहे.

वासाचं म्हणाल तर गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतोच. तो कळावा म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र रसायन मिसळतात, आणि ते अशा प्रमाणात की पेटण्याच्या पातळीच्या एक पंचमांश गॅस झाला तरी नाकाला कळावं. इशारा वेळेवर मिळतो, पण त्यात दोन फसगती आहेत. पहिली, तुम्ही त्याच खोलीत थांबलात तर नाक थोड्या वेळात सरावतं. वास कमी झाला असं वाटतं, गॅस मात्र तेवढाच असतो. म्हणून बाहेरून आलेल्या माणसाला वास आला तर त्याचंच खरं माना. सर्दी झालेल्याचं किंवा ज्यांची वास घेण्याची शक्ती कमी झाली आहे त्यांचं नाक तर धरूच नका. दुसरी, 'टाकी संपत आली की वास येतोच' हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य. टाकीच्या तळाशी मर्कॅप्टनचं प्रमाण वाढतं, त्यामुळे शेवटी वास उग्र होतो हे खरं. पण वास नाकापर्यंत आला याचा अर्थ गॅस कुठून तरी बाहेर येतोय. तो कुठून येतोय ते शोधायलाच हवं.

आता करायचं काय. मध्यंतरी एका घरी गेलो होतो, तिथल्या काकूंनी जे केलं तेच सांगतो. पहाटे उठल्या, पॅसेजमध्येच वास आला. दिवा लावला नाही, घरच्यांना नुसती हाक मारून उठवलं आणि बाहेर काढलं. वास मंद होता, फुसफुस ऐकू येत नव्हती, म्हणून त्या अंधारातच ओट्याशी गेल्या आणि रेग्युलेटरचा नॉब बंद केला. मग मागचं दार आणि खिडक्या सताड उघडल्या. दार उघडणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण जड गॅस खिडकीपेक्षा उंबऱ्यावरून बाहेर जातो. देवघरातलं निरांजन रात्रीच शांत झालं होतं, हे नशीब. नंतर खाली जाऊन जिन्याजवळच्या मीटरच्या पेटीतून घराचा मेन स्विच बंद केला. यामागे कारण आहे: फ्रिज आपला आपण चालू-बंद होतो आणि त्यातही ठिणगी पडते. घरात शिरून फ्रिजचं बटण बंद करणं म्हणजे ठिणगी स्वतःच पाडणं, म्हणून वीज बाहेरूनच तोडायची. मेन स्विच घरातच असेल तर त्याला हात लावू नका.

फोन त्यांनी अंगणात येऊन केला. गॅसगळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालतो. बॅटरी लागणार असेल तर ती बाहेर लावून मगच आत न्या.

वास दारातच घशात जाण्याइतका असेल किंवा सिलिंडरकडून फुसफुस ऐकू येत असेल, तर काकूंसारखं आत जाऊ नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, शेजाऱ्यांना दार वाजवून सांगा (बेल नको), आणि १९०६ बरोबर अग्निशमन दलालाही १०१ वर कळवा.

रेग्युलेटर बंद करूनही सिलिंडरच्या तोंडाशी वास राहत असेल आणि तो हलकाच असेल, तर नॉब बंद आहे याची खात्री करा, रेग्युलेटरचं खालचं काळं कडं वर उचलून तो काढून घ्या आणि दोरीला बांधलेली प्लास्टिकची टोपी व्हॉल्व्हवर दाबून बसवा. ही टोपी बरेच जण टाकी लावताना कापून फेकून देतात. कृपा करून ती टाकीलाच बांधलेली राहू द्या. टोपी बसल्यावर टाकी उभीच धरून मोकळ्या जागेत ठेवा, आडवी करू नका.

काकूंकडे मी गेलो तेव्हा शेगडीमागची नळी उंदराने कुरतडलेली निघाली. ओटा भिंतीला चिकटून होता, त्यामुळे ती जागा कोणाला दिसतच नव्हती. नळी कडक झाली असेल, वळणावर भेगा असतील किंवा पाच वर्षं झाली असतील तर बदलाच. घर पूर्ण हवेशीर झाल्यावर, दिवसा, शेगडीचे कॉक बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि साबणाचा फेस रेग्युलेटरचा जोड, नळीची दोन्ही टोकं आणि शेगडीचे कॉक यांना लावा. बुडबुडे फुगले की गळती तिथेच. काडी ओढून बघण्याची पद्धत अजूनही दिसते, ती कधीच करू नका. रेग्युलेटरच्या जोडात बुडबुडे आले तर बहुधा व्हॉल्व्हमधलं काळं रबरी कडं खराब किंवा गायब असतं. कॉकपाशी आले तर आतलं ग्रीस सुकलेलं असतं. दोन्ही कामं एजन्सीच्या मेकॅनिककडूनच करून घ्या, आणि तोवर रेग्युलेटर बंद ठेवा.

पाइपचा गॅस असेल तर एक गोष्ट उलटी असते. तो हवेपेक्षा हलका, म्हणून छताकडे साठतो. नळाचा दांडा पाइपला आडवा केला की तो बंद होतो, आणि वरच्या खिडक्या आधी उघडायच्या. बटणांचा नियम मात्र तोच.