बढती नाकारायची आहे, पण दार बंद करायचं नाही

प्रश्न : कंपनीने बढती देऊ केली आहे, पण दुसऱ्या राज्यात जावं लागेल. सध्या ते शक्य नाही. मेलवर नकार कळवायचा आहे. एकदा नाही म्हटलं की पुन्हा कधीच विचारणार नाहीत, अशी भीती वाटते. काय लिहू?

उत्तर : आधी नेमणूकपत्र काढून बदलीची अट वाचा. आलेलं पत्र हा प्रस्ताव आहे की आदेश, यावर सगळं अवलंबून आहे. बदलीचा आदेश असेल तर नुसत्या नकाराने भागत नाही, रीतसर विनंती करावी लागते. केंद्र सरकारच्या नोकरीत पदोन्नती नाकारली तर साधारण 1 वर्ष ती पुन्हा देऊ करत नाहीत. खासगी कंपनीत असा लेखी नियम सहसा नसतो. तिथे तुमच्याबद्दल काय मत झालं, यावरच पुढचं ठरतं.

शिल्पाताई (नाव बदललं आहे) चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. त्यांना तमिळनाडूतल्या होसूरच्या प्लांटवर मॅनेजरपद देऊ केलं होतं आणि शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. मुलगी दहावीत, सासऱ्यांना नुकताच अर्धांगवायू झालेला. माझ्याकडे आल्या तेव्हा मेलचा मसुदा तयारच होता. त्यात सासऱ्यांची औषधं, फिजिओथेरपीच्या वेळा, नवऱ्याची शिफ्ट असं सगळं होतं. ‘क्षमस्व’ तीनदा आणि शेवटी ‘भविष्यात संधी मिळाल्यास नक्की विचार करेन.’

मी त्यांना विचारलं, हा मेल वाचणार कोण? त्या म्हणाल्या, “आमचे साहेब.” साहेब त्यांना 8 वर्षं ओळखतात, ते समजून घेतील. पण मेल पुढे एचआरकडे जातो आणि फाइलला लागतो. दीड वर्षाने दुसरं पद निघेल तेव्हा साहेब कदाचित तिथे नसतील. शिल्पाताईंना कधी न भेटलेला कुणीतरी तो मेल उघडेल आणि त्याला एवढंच दिसेल की या बाईंना घर सोडवत नाही. बाईच्या बाबतीत हा शिक्का फार पटकन बसतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. म्हणून मेल लिहायचा तो या अनोळखी माणसासाठी. घरचं सविस्तर साहेबांना तोंडी सांगायचं.

मग मी विचारलं, नकार नेमका कशाला आहे? पदाला, गावाला की वेळेला? पद त्यांना हवंच होतं. “मग पुढच्या एप्रिलमध्ये विचारलं तर होसूरला जाल?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मुलीची परीक्षा मार्चमध्ये संपणार होती, पण सासऱ्यांचं काय होईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून ‘एप्रिलनंतर येईन’ हे वाक्य आम्ही लिहिलं नाही. दिलेली तारीख पाळता आली नाही, तर दुसरा नकार पहिल्यापेक्षा जड जातो.

गुरुवारी सकाळी त्यांनी आधी साहेबांना फोन केला. नकार मेल उघडून कळला की माणूस दुखावतो. दुपारी मेल गेला, फक्त साहेब आणि एचआरला. आशय असा :

“होसूर प्लांटच्या मॅनेजरपदासाठी माझा विचार केलात, याबद्दल मनापासून आभार. कौटुंबिक जबाबदारीमुळे सध्या पुण्याबाहेर स्थलांतर करणं मला शक्य नाही, म्हणून हा प्रस्ताव मी स्वीकारू शकत नाही. या पातळीची जबाबदारी घ्यायला मी तयार आहे. पुणे परिसरात अशी संधी आली, तर माझा जरूर विचार व्हावा. स्थलांतराबद्दल पुढच्या एप्रिलमध्ये आपल्याशी पुन्हा बोलेन. दरम्यान होसूरच्या नव्या लाइनच्या सुरुवातीला महिन्यातून एक आठवडा तिथे जाऊन मदत करू शकेन.”

नकार दुसऱ्याच वाक्यात आणि स्पष्ट आहे. ‘बघते’, ‘प्रयत्न करते’ असं लिहिलं की समोरचा थांबून राहतो, दुसरा माणूस शोधायला उशीर होतो आणि राग त्याचाच येतो. शेवटची मदतही नवऱ्याशी बोलून, आठवडाभर घरी कोण थांबणार हे ठरवूनच लिहिली. ती जमणार नसेल तर ते वाक्य गाळा, मेल त्याशिवायही पुरा आहे.

पद दुसऱ्याला मिळालं. शिल्पाताई तीन महिने होसूरला जाऊन-येऊन राहिल्या आणि तिथल्या प्लांट हेडने त्यांचं काम स्वतः पाहिलं. त्या वर्षी त्यांना बढती मिळाली नाही, हेही सांगायला हवं. काही कंपन्यांत एका नकारानंतर नाव मागे पडतंच, मेल कितीही चांगला असो.

एप्रिलमध्ये त्यांना कुणीही आपणहून विचारलं नाही. कॅलेंडरात खूण करून ठेवली होती, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी जुन्या मेलवरच उत्तर लिहिलं : “ठरल्याप्रमाणे या विषयावर बोलायचं आहे, या आठवड्यात अर्धा तास मिळेल का?” तुमच्या मेलमध्येही असा महिना असेल, तर तो विषय काढायची जबाबदारी तुमचीच.