नफाच नाही अशा नव्या कंपनीचा प्राइस टू सेल्स रेशो किती असला की शेअर स्वस्त समजायचा?

कुणी एकच आकडा सांगितला, तर आधी त्याला विचारा की कंपनीची एकूण किंमत वर्षाच्या सेलने भागताना ‘सेल’ म्हणून नक्की काय धरलंय. नव्या कंपन्यांच्या बाबतीत सगळी गफलत तिथेच होते. मी बडोद्याला मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात कॉस्टिंगला होतो, आता निवृत्त आहे. या विषयावर आमच्या घरात एक वाद अजून मिटलेला नाही, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

हा रेशो वापरतात तो नाइलाजाने. नफा वजा असेल तर पी/ई, म्हणजे किंमत भागिले नफा, निघत नाही. एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा धरण्याआधीचा नफा, तोही वजाच असतो. पुस्तकी किंमत बघावी तर ती म्हणजे गेल्या वेळी गुंतवणूकदारांनी दिलेल्या पैशातली उरलेली शिल्लक, तिच्यावरून धंद्याचं काहीच कळत नाही. मग वजा नसलेला एकच आकडा उरतो, तो विक्रीचा. त्यात चूक काही नाही. फक्त तो भागाकार करताना तुम्ही मनातल्या मनात कबूल केलेलं असतं की या विक्रीतून पुढे कधीतरी ठरावीक टक्के नफा सुटेल. ते टक्के किती, हे जो बोलत नाही त्याच्या रेशोला माझ्या लेखी किंमत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. 2021 ची दिवाळी, भाऊबीजेला ताईकडे दांडिया बाजारात जेवण. त्या जुलैमध्ये झोमॅटोचा आयपीओ येऊन गेला होता आणि ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय होता. ताईचे यजमान, आमचे भावजी, यांच्या मित्राच्या मुलाने गावातल्या किराणा-फरसाणाच्या दुकानांचा माल घरपोच द्यायचं अ‍ॅप काढलं होतं आणि तो ओळखीच्या लोकांकडून पैसे उभे करत होता. श्रीखंडाची वाटी बाजूला सरकवून भावजींनी मोबाइलवर त्याची पीडीएफ उघडली. वर्षाचा सेल 6 कोटी, कंपनीची किंमत 12 कोटी. “फक्त दोन पट! झोमॅटोला तीस पट देतायत लोक.” भावजी स्वतः 10 लाख घालणार होते आणि मीही घालावेत असा आग्रह होता.

मी म्हटलं, मुलाकडून वर्षभराचे जीएसटीआर-3B, म्हणजे जीएसटीचे दर महिन्याचे रिटर्न, मागवा. भावजींचा चेहरा पडला, ओळखीत असले कागद मागायचे नसतात म्हणे. मी मागितले. जरा आढेवेढे घेऊन मुलाने पाठवले.

3B मध्ये 3.1 (a) या ओळीत कंपनीचा स्वतःचा करपात्र पुरवठा येतो. बारा महिन्यांची बेरीज 72 लाख निघाली. 6 कोटी हा गिऱ्हाइकांनी अ‍ॅपवरून मागवलेल्या मालाचा आकडा होता. तो माल दुकानदारांचा, त्याचं बिल दुकानदारांचं, पैसेही शेवटी त्यांचेच. कंपनीचं उत्पन्न म्हणजे सरासरी 10 टक्के कमिशनचे 60 लाख आणि डिलिव्हरी चार्जचे 12 लाख. म्हणजे 12 कोटींना भागायचं होतं 72 लाखांनी, आणि उत्तर येतं साडेसोळाच्या वर. शिवाय गिऱ्हाईक ओढायला कंपनीने वर्षात 18 लाखांची कुपनं स्वतःच्या खिशातून वाटली होती. ती वजा केली तर 54 लाख राहतात आणि रेशो होतो 22. कागदावर दोन पट होतं ते असं बावीस पट निघालं, आणि त्यात कुणी खोटं बोललेलं नव्हतं, फक्त शब्द सैल वापरला होता.

भावजी लगेच म्हणाले, “बरं, बावीस. झोमॅटो तीस आहे ना? मग हे स्वस्तच.” युक्तिवाद वरवर बिनतोड होता, म्हणून मी झोमॅटोचे आकडे काढून दाखवले. 76 रुपये भावाने कंपनीची किंमत साधारण 60 हजार कोटी होत होती. 2020-21 चा महसूल 1,994 कोटी, म्हणून तीस पट. त्याच वर्षी लोकांनी मागवलेल्या जेवणाची एकूण किंमत 9,483 कोटी होती. तिने भागलं तर सहापेक्षा थोडं जास्त येतं. म्हणजे मुलगा स्वतःचा रेशो ऑर्डरच्या रकमेवर काढत होता आणि भावजी त्याची तुलना महसुलावर काढलेल्या रेशोशी करत होते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि तीच तुमच्याही उपयोगाची. 2019-20 मध्ये झोमॅटोचा महसूल 2,605 कोटी होता, म्हणजे कोविडच्या वर्षात तो घटला. नुसता रेशो बघणाऱ्याला कंपनी त्या वर्षी महागलेली दिसणार. पण आयपीओच्या कागदपत्रात प्रत्येक ऑर्डरमागे काय सुटतं तेही दिलं होतं. आधीच्या वर्षी तिथे वजा 30 रुपयांच्या आसपास होतं, आणि 2020-21 मध्ये ते अधिक 20 च्या आसपास आलं. ऑफिस, पगार, जाहिराती यांचा खर्च त्यात धरलेला नाही, पण निदान ऑर्डर वाढल्या की तो खर्च भागवायला काहीतरी उरणार होतं. जून 2023 च्या तिमाहीत कंपनीने पहिल्यांदा 2 कोटींचा नफा दाखवला. त्याआधी तोच शेअर 2022 मध्ये 50 रुपयांच्याही खाली जाऊन आला, तेही विसरू नका.

मग मी तोच हिशोब आमच्या अ‍ॅपचा मांडला, पेपर नॅपकिनवर. सरासरी ऑर्डर 400 रुपयांची, म्हणजे वर्षाला दीड लाख ऑर्डर. एका ऑर्डरमागे कमिशन 40, डिलिव्हरी चार्ज 8, कुपनाचे वजा 12, हातात आले 36. त्यातून पोऱ्याला द्यायचे 35, ऑनलाइन पैसे घेणाऱ्या गेटवेचे आणि पिशवीचे मिळून 8. म्हणजे ऑफिसचं भाडं भरायच्या आधीच प्रत्येक ऑर्डरला 7 रुपये तोटा. अशा धंद्यात विक्री दुप्पट झाली की तोटाही दुप्पट होतो. इथे सेलला काहीही पट लावणं म्हणजे गळक्या टाकीला तिच्यात किती पाणी ओतलं जातं यावरून किंमत देणं.

तरीही समजा, पुढे सगळं सुरळीत झालं आणि महसुलावर 15 टक्के निव्वळ नफा सुटू लागला. रेशोला त्या टक्क्यांनी भागा, म्हणजे 22 ला 0.15 ने. येतात जवळजवळ 147. म्हणजे आज दिलेला भाव हा त्या अजून न झालेल्या नफ्याच्या 147 पट आहे. स्थिरावलेल्या कंपनीला 25 पट मिळतात असं धरलं, तर विक्री सहापट झाली आणि नफाही तेवढा सुटला, तेव्हा कुठे गुंतवलेली रक्कम जागेवर राहते. तोवर कंपनी आणखी पैसे उभे करणार, तुमचा हिस्सा पातळ होणार, ते वेगळंच. हा एक भागाकार केलात तर ‘किती असला की स्वस्त’ याचं उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल. 70-80 टक्के ढोबळ नफा असलेली सॉफ्टवेअर कंपनी पुढे 20-25 टक्के निव्वळ नफा मिळवू शकते, तिला 5 पट जड नाही. किराणा विकणाऱ्याला 3 टक्के सुटतात, त्याला 1 पटही महाग पडते.

भावजींचं उत्तर ठरलेलं होतं: “पहेलां धंधो, पछी नफो. तुला कॉस्टिंगच्या बाहेरचं काही दिसत नाही.” त्यांनी 10 लाख घातले, मी नाही घातले.

2023 मध्ये कंपनीने पुन्हा पैसे उभे केले. महसूल दुप्पट, 1 कोटी 44 लाख, म्हणजे वाढीचा शब्द मुलाने पाळला होता. पण नव्या गुंतवणूकदाराने आधीच्या सगळ्या शेअर्सची मिळून किंमत धरली 5 कोटी, साडेतीन पट. भावजींचे 10 लाख कागदावर 4 लाखांच्या थोडे वर आले. विक्री दुप्पट झाली आणि किंमत निम्म्याहून खाली गेली, कारण कुपनं वजा न करता जो पट साडेसोळा होता तो साडेतीन झाला. भावजी म्हणतात, व्याजदर वाढले आणि स्टार्टअपचा बाजारच बसला. त्यात निम्मं खरं आहे, चांगल्या कंपन्यांचेही पट 2022 मध्ये खाली आले होते. पण ऑर्डरमागचे 7 रुपये काही रिझर्व्ह बँकेने खाल्ले नव्हते. भावजी हे वाचतील, ताई त्यांना पाठवतेच. कंपनी अजून चालू आहे हे ते म्हणतातच आणि मीही नाकारत नाही.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. कर्ज असेल तर सगळ्या शेअर्सची मिळून बाजारातली किंमत पुरेशी नाही, तिच्यात कर्ज मिळवा, रोकड वजा करा, मग विक्रीने भागा. नव्याने पैसे उभारलेल्या कंपनीकडे रोकड भरपूर असते, तिथे उत्तर बरंच बदलतं. विक्री गेल्या बारा महिन्यांची आहे की पुढच्या वर्षीची अंदाजी, तेही बघा. ब्रोकर लोक सोयीची घेतात.

शिवाय लिस्टेड कंपनीतही हिशोबाची रीत बदलून रेशो पडू शकतो. झोमॅटोच्याच मालकीच्या, किराणा घरपोच देणाऱ्या ब्लिंकिटने 2025 मध्ये दुकानदारांच्या मालावर कमिशन घेण्याऐवजी माल स्वतः विकत घेऊन विकायला सुरुवात केली. तेव्हा कमिशनऐवजी मालाची पूर्ण किंमत महसुलात येऊ लागली. झोमॅटोची कंपनी आता इटर्नल या नावाने आहे. तिचा सप्टेंबर 2025 च्या तिमाहीचा महसूल आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या पावणेतीन पटीहून जास्त झाला. धंदा वाढला होता हे खरं, पण एवढा नव्हे. जुन्या आणि नव्या वर्षाचे रेशो शेजारी मांडून ‘शेअर स्वस्त झाला’ म्हणणारे भेटतील, त्यांना महसुलाची टीप वाचायला सांगा.

आणि बँक किंवा एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली पण कर्जं देणारी कंपनी, असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. व्याजाच्या उत्पन्नाला तिथे विक्री धरत नाहीत, कर्जं वाटून ते हवं तेवढं फुगवता येतं. तिथे पुस्तकी किंमत आणि थकीत कर्जं बघतात.