शब्दमर्यादेत अवतरणं धरायची का?

प्रश्न: निबंधाला १००० शब्दांची मर्यादा आहे. वर्ड १०७० दाखवतंय. शीर्षकं, आकडे आणि अवतरणं यात धरायची का?

धरायची. नियमात वेगळं काही लिहिलं नसेल तर सगळं मोजलं जाणार असं समजूनच लेख बसवा. तपासणारा फाइल उघडतो, खालच्या पट्टीवरचा आकडा बघतो आणि पुढे जातो. त्या आकड्याला शीर्षक काय, अवतरण काय, काही कळत नाही. दोन मोकळ्या जागांच्या मधे जे असेल तो एक शब्द.

हे मला एक स्पर्धा हातची गेल्यावर कळलं. विषय जुन्या ओव्यांच्या भाषेचा होता, मर्यादा १५००. माझं स्वतःचं लिखाण १३८८ शब्दांचं होतं, त्यामुळे मी निर्धास्त होते. आठवड्याभराने संयोजकांचा फोन आला: लेख १६१२ शब्दांचा आहे, बाद केला. त्या रात्री मी फाइलचा एकेक तुकडा निवडून मोजला. लेखन १३८८, सहा उपशीर्षकं ३१, शेवटची संदर्भसूची ४६ आणि सहा ओव्या १४७. बेरीज बरोबर १६१२.

पण ओव्यांचे १४७ मला पटेनात. बोटावर मोजले तर १११ भरले. मग उरलेले ३६ कुठून आले? दंडांतून. मी प्रत्येक चरणानंतर मोकळी जागा सोडून । टाकला होता आणि ओवीच्या शेवटी ॥ १ ॥ असं सुटं सुटं लिहिलं होतं. म्हणजे एका ओवीत तीन दंड, दोन दुहेरी दंड आणि एक आकडा, अशी सहा सुटी चिन्हं. सहा ओव्यांची झाली ३६. दोन्ही बाजूंना जागा सोडून टाकलेली आडवी रेघ अशीच शब्द म्हणून मोजली जाते, आणि घाईत शब्दापासून तुटलेला स्वल्पविरामसुद्धा. तुमच्या १०७० मध्ये असं काही आहे का ते आधी बघा.

आकड्यांचंही तसंच. '१२ जानेवारी २०१५' हे तीन शब्द, '१२/०१/२०१५' हा एक. '५० टक्के' दोन, '५०%' एक. मुद्द्यांना वर्डने आपोआप दिलेले क्रमांक मोजले जात नाहीत, पण तेच तुम्ही हाताने टाइप करून पुढे जागा सोडली तर मोजले जातात. तळटीपा धरायच्या की नाही हे शब्दसंख्येच्या चौकटीतल्या एका खुणेवर ठरतं. गूगल डॉक्स तळटीपा धरतच नाही. म्हणून तुमचा आकडा आणि तपासणाऱ्याचा आकडा वेगळा येऊ शकतो, दोघांनीही काही चूक केलेली नसताना.

मी संयोजकांना हे सगळं सांगितलं. दंड वगळले तरी १५७६ होत होते, ते मी कबूल केलं. माझं म्हणणं अवतरणांबद्दल होतं. मर्यादा लिहिणाऱ्याच्या लांबणीला असते. ओवी माझी नाही, ती मी पुरावा म्हणून ठेवली आहे. ओव्या आणि सूची वगळा, लेख १४१९ शब्दांचा आहे. त्यावर उत्तर आलं, 'शब्द म्हणजे शब्द, बाई.' मला हे आजही मान्य नाही. कवितेवर लिहायला सांगायचं आणि कविता उद्धृत केली की तिचे शब्द कापायचे, याने लोक पुरावा न देता मतं लिहायला शिकतात. ज्याला मर्यादा घालायची आहे त्याने 'अवतरणं व संदर्भसूची धरून' किंवा 'वगळून' हे शब्द पत्रकात छापावेत. नियम मोघम ठेवून बाद करण्याचा हक्क कुणाला नाही.

एक मात्र खरं, अवतरणं सरसकट मोकळी सोडली तर कुणी अर्धा लेख उताऱ्यांनीच भरेल, हा त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. आणि हे सगळं टाइप केलेल्या लेखाचं झालं. हाताने लिहायच्या परीक्षेत कुणी एकेक शब्द मोजत नाही, एका ओळीतले शब्द गुणिले ओळी असा अंदाज धरतात, तिथे दंडांची काळजी नको.

तुमच्या बाबतीत अवतरणं तेवढी निवडा, पट्टीवर त्यांचा वेगळा आकडा दिसेल. ती वगळून लेख १००० च्या आत बसत असेल तर आयोजकांना आजच विचारा, आणि फोनवर नको, ईमेलवर. मी फोनवर विचारलं होतं, 'अवतरणं चालतील' असं ऐकलं होतं, आणि नंतर ते कुणी बोललं होतं हेच कुणाला आठवेना.