‘प्रभावी’ दोनदा आला की घोटाळा: नियत दिनांक, अंमल दिनांक आणि ‘प्रत्येकी’ची जागा

प्रश्न: भोसरीची एक कंपनी चाकणच्या कंपनीत विलीन होते आहे, त्या योजनेचा मराठी अनुवाद माझ्याकडे आलाय. ‘अपॉइंटेड डेट’ला ‘नियत दिनांक’ आणि ‘इफेक्टिव्ह डेट’ला ‘प्रभावी दिनांक’ लिहिलं, पण एक कलम वाचताना अगदी हास्यास्पद वाटतं. शिवाय शेअर बदलाचं प्रमाण नुसतं ‘२०:७’ लिहिलं तर चालेल का?

उत्तर: हास्यास्पद वाटणारं कलम बहुधा हेच असणार: योजना ‘इफेक्टिव्ह फ्रॉम द अपॉइंटेड डेट, बट ऑपरेटिव्ह फ्रॉम द इफेक्टिव्ह डेट’. अशा मसुद्यांत हे वाक्य वरचेवर भेटतं, आणि गंमत अशी की गोंधळ मुळातच आहे. ‘इफेक्टिव्ह’ हे विशेषण ‘इफेक्टिव्ह डेट’ला न लागता दुसऱ्याच तारखेला लागलंय. इंग्रजीत मोठी अक्षरं तरी मदतीला येतात. आपल्याकडे तीही सोय नाही, त्यामुळे ‘नियत दिनांकापासून प्रभावी, परंतु प्रभावी दिनांकापासून कार्यान्वित’ असं काहीतरी होऊन बसतं.

शब्द निवडण्याआधी दोन्ही तारखा काय काम करतात ते पाहा. समजा, तुमच्या योजनेत नियत दिनांक १ एप्रिल २०२४ आहे. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने १० फेब्रुवारी २०२५ रोजी मंजुरी दिली आणि आदेशाची प्रमाणित प्रत कंपन्यांनी २० मार्च २०२५ रोजी आयएनसी-२८ या फॉर्ममधून आकुर्डीच्या कंपनी निबंधकांकडे दाखल केली. बहुतेक योजनांच्या व्याख्येप्रमाणे हा २० मार्च म्हणजे ‘इफेक्टिव्ह डेट’. विलीनीकरण प्रत्यक्षात त्या दिवशी होतं, पण कायद्याच्या नजरेत ते १ एप्रिल २०२४ लाच झालेलं असतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३२(६) मध्ये तसं स्पष्ट आहे: योजनेत नियत दिनांक नमूद हवा, आणि योजना त्याच दिनांकापासून परिणामक समजायची, नंतरच्या नव्हे. मधल्या जवळजवळ वर्षभराचा भोसरीच्या कंपनीचा नफा-तोटा चाकणच्या कंपनीचा धरला जातो. त्या काळात भोसरीवाले धंदा चालवतात तो जणू विश्वस्त म्हणून.

म्हणून मी ‘प्रभावी’ हा शब्द दोन्हीकडून काढून टाकतो. ‘अपॉइंटेड डेट’ला ‘नियत दिनांक’ ठेवा. आपल्या अधिनियमांत ‘नियत दिवस’ रुळलेला आहे, त्याच्याशी तो जुळतो. ‘इफेक्टिव्ह डेट’ला ‘अंमल दिनांक’ म्हणा आणि नुसत्या ‘इफेक्टिव्ह’ या विशेषणाला ‘लागू’. मग ते कलम असं उतरतं: ‘ही योजना नियत दिनांकापासून लागू झाली असे मानले जाईल, तिचा अंमल मात्र अंमल दिनांकापासून सुरू होईल.’ ‘मानले जाईल’ हे शब्द गाळू नका, सगळा मागे जाणारा परिणाम त्यांच्यातच आहे. कामगारांच्या कलमात बहुधा अंमल दिनांकच असतो. तिथे चुकून नियत दिनांक पडला, तर भोसरीचा फिटर आपण वर्षभरापूर्वीच चाकणचे झालो असं समजेल.

‘पासून’ हा शब्दही जपून वापरा. ‘१ एप्रिलपासून’ म्हटलं की आपल्या कानाला तो दिवस धरलेला वाटतो, पण सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम १८९७ च्या कलम ९ मध्ये ‘फ्रॉम’ हा शब्द पहिला दिवस वगळण्यासाठी पुरेसा मानलाय. मसुदा लिहिणारे त्यावर ‘कामकाजाच्या आरंभापासून’ अशी जोड देतात. तुम्हीही ‘१ एप्रिल २०२४ रोजी कामकाज सुरू होण्याच्या वेळेपासून’ असं पूर्ण लिहा. ते लांबट वाटलं तरी गाळायचं नाही. एखाद्या योजनेत नियत दिनांक म्हणजे तारीख नसून एखादी घटनाही असू शकते. ऑगस्ट २०१९ च्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या परिपत्रकाने ते चालतं हे स्पष्ट केलंय. तशी योजना हाती आली तर वाचकाच्या सोयीसाठी म्हणून आपल्या मनाने तारीख भरू नये.

आता ‘२०:७’. नुसतं असं कधीच लिहू नका. आधी कोणाचे वीस आणि कोणाचे सात हेच त्यातून कळत नाही. तुमच्या योजनेत भोसरीच्या कंपनीचे २० समभाग दिले की चाकणचे ७ मिळतात असं धरू. १५० समभाग असलेल्याला १५० × ७ ÷ २०, म्हणजे ५२.५ मिळतील. उलटं वाचलं तर ४२८ च्या वर जातात. दर्शनी मूल्यही सोबत हवंच. २०२३ मध्ये एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत विलीन झाली तेव्हा २ रुपये दर्शनी मूल्याच्या २५ समभागांच्या बदल्यात १ रुपया दर्शनी मूल्याचे ४२ समभाग मिळाले. ‘४२:२५’ एवढंच वाचणाऱ्याला हा दोन आणि एक रुपयांचा भेद कुठून कळणार?

आता माझी फजिती. एकदा मी लिहून गेलो: ‘धारकांना प्रत्येकी ७ समभाग देण्यात येतील.’ इंग्रजीतला ‘ईच’ समभागाच्या दहा रुपये दर्शनी मूल्याला लागलेला होता, मी तो धारकांना लावला. शेजारच्या काकांनी मसुदा वाचून विचारलं, ‘म्हणजे माझ्याकडे कितीही असले तरी मला सातच?’ मराठीत ‘प्रत्येकी’ समोर दिसेल त्याला चिकटतो. तो रुपयांच्या आधी, थेट जोडूनच ठेवायचा.

दुसरा सापळा ‘मागे’ हा शब्द. ‘२० समभागांमागे ७ समभाग’ व्याकरणाने बिनचूक आहे, पण शेअर बाजाराच्या मराठीत तो बोनसचा वास देतो: वीस राहिले आणि वर सात आले. इथे तर वीस रद्द होतात. म्हणून ‘च्या बदल्यात’. माझं वाक्य असं होईल:

‘हस्तांतरक कंपनीच्या, प्रत्येकी १० रुपये दर्शनी मूल्याच्या, पूर्ण भरणा झालेल्या दर २० समभागांच्या बदल्यात, हस्तांतरिती कंपनीचे, प्रत्येकी १० रुपये दर्शनी मूल्याचे, पूर्ण भरणा झालेले ७ समभाग, नोंद दिनांकास ज्यांची नावे हस्तांतरक कंपनीच्या सभासद नोंदवहीत आहेत अशा समभागधारकांना देण्यात येतील.’

‘नोंद दिनांक’ ही तिसरी तारीख, ती वरच्या दोघींपासून वेगळी. एचडीएफसीचं विलीनीकरण अंमलात आलं १ जुलै २०२३ ला, नोंद दिनांक होता १३ जुलै. ‘हस्तांतरक’ आणि ‘हस्तांतरिती’ दिसायला इतके सारखे आहेत की मुद्रितशोधकही फसतो. व्याख्येत एकदा नाव जोडून पुढे ‘भोसरी कंपनी’, ‘चाकण कंपनी’ अशी छोटी नावं वापरता आली तर पाहा, पक्षकारांना विचारून. अर्ध्या समभागाचं काय करायचं ते अपूर्णांकाच्या कलमात असतं. बहुधा सगळे अपूर्णांक एकत्र करून विश्वस्तामार्फत विकतात आणि खर्च वजा जाता रक्कम वाटतात. तेव्हा ५२.५ ला तुम्ही परस्पर ५३ करू नका.

आणि शीर्षकात ‘एकत्रीकरण योजना’ लिहिलं असेल तर ते ‘विलीनीकरण योजना’ करा. मुळशी-मावळात एकत्रीकरण योजना म्हटलं की लोक आधी आपला गट नंबर आणि सातबारा शोधायला लागतात.