देणगीचे मेल आणि राहून गेलेली पावती

प्रश्न: देणगीचे मेल येतात, ते वहीत चढवून पावती पाठवताना एखादी राहून जाते. काय करावं?

उत्तर: नोंद नावाने नाही, व्यवहार क्रमांकाने करा. आमच्याकडे एका ताईंनी एकाच दिवशी तेवढीच रक्कम दोनदा दिली. जीमेलने सारख्या विषयाचे दोन्ही मेल एकाखाली एक गुंडाळले आणि आम्ही पावती एकच पाठवली. म्हणून आधी सेटिंगमध्ये Conversation view बंद करा.

शीटमध्ये व्यवहार क्रमांक B रकान्यात, पावती पाठवल्याची तारीख F मध्ये ठेवा. क्रमांक दुबार चढला का, हे असं कळतं:

```
=COUNTIF(B:B,B2)>1
```

पावती खरोखर गेल्यावरच F भरा, मगच मेल अर्काइव्ह करा. वाचला म्हणून हलवू नका. मेल कधी स्पॅममध्येही जातो, तेव्हा आठवड्याला बँकेच्या किंवा गेटवेच्या यादीशी एकेक क्रमांक जुळवाच.