तीस टक्के, पण कशाचे?

प्रश्न: बिझनेस ॲनालिस्ट म्हणून चार वर्षं झाली. रिक्वायरमेंट गॅदरिंग, वर्कशॉप, डॉक्युमेंटेशन रेझ्युमेत कसं मांडू? आणि सुधारणेचे आकडे कुठून आणू?

आकडे काम संपल्यावर सापडत नाहीत, सुरुवातीलाच मोजून ठेवावे लागतात. ‘प्रक्रियेची कार्यक्षमता ३० टक्क्यांनी वाढवली’ ही ओळ आमच्या टीम लीडने आम्हा सगळ्यांच्या रेझ्युमेत घालायला लावली होती. मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, “३० टक्के कशाचे? आधी किती होतं?” माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

पुढचा प्रोजेक्ट गृहकर्जाचा होता. शाखेने पाठवलेल्या फायली क्रेडिट विभागाकडून परत येत, म्हणून शाखेला पोर्टलवर नवीन स्क्रीन हवी होती. या वेळी मी आधी इनवर्ड रजिस्टरमधून ओळीने २०० फायली काढल्या. ६२ परत गेल्या होत्या, आणि त्यातल्या ४१ फायलींवर शेरा एकच: बँक स्टेटमेंट अपुरं. वर्कशॉपला शाखा, क्रेडिट आणि ऑपरेशन्स असे तिघं एकत्र बसले, तेव्हा मी दोन्हीकडच्या चेकलिस्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. शाखेच्या कागदावर तीन महिन्यांचं स्टेटमेंट, क्रेडिटच्या कागदावर सहा. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग सहा महिने ठरले, तिघांनी तिथल्या तिथे सह्या केल्या. नंतरच्या २०० फायलींपैकी २३ परत गेल्या.

आता माझ्या रेझ्युमेत असं आहे: ‘शाखा व क्रेडिट यांच्या चेकलिस्टमधली तफावत २०० फायली तपासून शोधली, तीन विभागांच्या वर्कशॉपमध्ये एकच चेकलिस्ट मंजूर करून घेतली, परत जाणाऱ्या फायली २०० पैकी ६२ वरून २३.’ वर्कशॉप किती घेतले हे कुणी विचारत नाही, त्यात काय ठरलं ते विचारतात. बीआरडीचंही तसंच. किती पानांचा होता ते सोडा, कुणी सही केली आणि यूएटीची टेस्ट केस त्यावरून लिहिली गेली का, ते लिहा. आणि नुसती टक्केवारी देऊ नका. माझेच आकडे ‘६३ टक्के घट’ म्हणूनही मांडता येतात आणि ‘३१ टक्क्यांवरून साडेअकरा’ म्हणूनही. आधीचा आणि नंतरचा आकडा दोन्ही असले की शंका राहत नाही.

ग्राहकाचं नाव मात्र टाकू नका, करारात गोपनीयता असते. मार्चअखेरच्या गर्दीतल्या फायलींची तुलना मे महिन्याशीही करू नका.

माझ्या रेझ्युमेतली ती ओळ वाचून तोच टीम लीड म्हणाला होता, “कोडची एक ओळ बदलली नाही, मग यात तुझं काम काय?” मागितलेली स्क्रीन तशीच बनवली असती, तर तिने तीन महिन्यांचं स्टेटमेंट बिनदिक्कत पुढे जाऊ दिलं असतं आणि त्या ४१ फायली पुन्हा परत आल्या असत्या. ती स्क्रीन बनू दिली नाही, हेच माझं काम.